सहा जणांचं सादरीकरण: घड्याळ कोणाकडे, सूत्र कोणाकडे, प्रश्न कोणाकडे (प्रकल्प नोंदी)

आमचा गट बी.एस्सी. भूगर्भशास्त्र, तिसऱ्या वर्षाचा. प्रकल्प एका गावातल्या १४ विहिरींच्या पाणीपातळीचा, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशी दोनदा मोजलेली. सादरीकरणाला २० मिनिटं मिळतात: १५ बोलायला आणि ५ प्रश्नांना. गुण प्रत्येकाचे वेगळे असल्यामुळे सहाही जणांनी बोलणं भाग आहे. म्हणजे वेळ पाहणारा, सूत्र सांभाळणारा आणि प्रश्न घेणारा असे तीन वेगळे मोकळे लोक आमच्याकडे नव्हतेच. बोलणाऱ्यांमधूनच ते काढायचे होते. पुढच्या वर्षीच्या गटांना याचा उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय.

इथे नावं घालत नाही, ज्याचं जे काम त्यावरून ओळखा. टेपवाला (विहिरीत टेप सोडून मोजणारा), फोटोवाला, नकाशेवाली, आकडेवाली, गावची (ज्या गावात काम केलं तिथलीच) आणि मी.

६ मार्च

पहिली तालीम. मॅडम मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसल्या होत्या, आमच्यातल्या कोणाकडेच घड्याळ नव्हतं. प्रत्येकाला अडीच मिनिटं अशी सरळ वाटणी केली होती. संपलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "२१ मिनिटं ४० सेकंद. आकडेवारी सुरू झाली तेव्हाच तुमची १५ मिनिटं संपली होती."

म्हणजे खऱ्या परीक्षेत निष्कर्ष कोणी ऐकलेच नसते. आकडेवालीने पाच महिने तक्ते लावले होते आणि तिला बोलायलाच मिळालं नसतं. तिचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

मग मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला: "पाणी कठड्यापासून मोजलंत की जमिनीपासून?" टेपवाला म्हणाला "कठड्यापासून", त्याच क्षणी आकडेवाली म्हणाली "जमिनीपासून". दोघांचंही खरं होतं. टेप कठड्यावरून सोडतात, म्हणून वाचन कठड्यापासूनचं येतं. तक्त्यात घालताना कठड्याची उंची वजा करतात. आमच्या ७ नंबरच्या विहिरीत टेप ९.४० मीटरला पाण्याला टेकला, कठडा ०.७५ मीटर उंच, म्हणून जमिनीखाली ८.६५ मीटर. पण ऐकणाऱ्याला वाटणार, यांना स्वतःचंच काम माहीत नाही.

मॅडम म्हणाल्या, बोलण्याची वाटणी झाली, आता न बोलण्याचीही करा.

९ मार्च

तीन कामं वाटली आणि तिन्ही चुकीच्या माणसांना दिली. वाटताना जे डोक्यात होतं ते तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं, म्हणून कारणं लिहितो.

वेळ आकडेवालीकडे, कारण ती आकड्यांत पक्की. प्रश्न टेपवाल्याकडे, कारण त्याला सगळ्यात जास्त माहीत. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण मी कॉलेजच्या कार्यक्रमांत निवेदन करतो.

झेरॉक्सच्या दुकानात वेळेचे चार फलक काढले: '२ मिनिटं', '१ मिनिट', 'संपवा' आणि 'थांबा'. ए-फोर कागदावर रंगीत प्रिंट ४० रुपये आणि लॅमिनेशन ८० रुपये.

११ मार्च

दुसरी तालीम, १८ मिनिटं २० सेकंद. तीन मिनिटं कमी झाली, पण ती पाठांतर सुधारल्यामुळे. वाटलेल्या कामांचा त्यात काहीच वाटा नव्हता.

आधी माझी चूक. प्रत्येक वक्त्याच्या आधी मी "आता आपल्यासमोर येत आहेत..." म्हणून नाव, वर्ग, विषय आणि एक गोड वाक्य असं बोलत होतो. मॅडमनी मोजलं, दरवेळी साधारण २५ सेकंद. पाच वेळा म्हणजे दोन मिनिटं पाच सेकंद. स्नेहसंमेलनातलं निवेदन मी परीक्षेच्या खोलीत आणलं होतं. परीक्षकांच्या हातात नावांची यादी असते, आणि नाव पहिल्या स्लाइडवरही असतं.

त्याऐवजी आता एकच वाक्य, आणि त्यात मागचं पुढच्याला जोडलेलं हवं. उदाहरणार्थ, टेपवाल्यानंतर: "१४ पैकी सहा विहिरी ओढ्याच्या काठाला आहेत, त्या गावात कुठे येतात ते नकाशावर पाहू." हे सात-आठ सेकंदांत होतं. नकाशेवाली तेवढ्यात उभी राहते आणि क्लिकर हातात घेते.

दुसरी चूक वेळेची, आणि ती जास्त गंभीर. आकडेवाली सगळ्यात शेवटी बोलते. वेळ हाताबाहेर जाते ती शेवटीच, आणि नेमकी तेव्हा वेळ पाहणारी फळ्यासमोर उभी. तिचे फलक बाकावर पालथे पडलेले. ती स्वतः ४० सेकंद जास्त बोलली आणि तिला दाखवणारं कोणी नव्हतं.

तिसरी फलकांची. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते. समोरून नुसता पांढरा चट्टा दिसतो, अक्षर नाही. शिवाय ती पहिल्या बाकाच्या टोकाला बसली होती, तिथे वक्त्याची नजर जातच नाही. फोटोवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "फलक? कधी दाखवला?"

लॅमिनेशनचे ८० रुपये वाया गेले. संध्याकाळी जाड कार्डशीटवर काळ्या मार्करने पुन्हा लिहिले. या वेळी शब्द नाहीत, फक्त '२', '१' आणि '०', कागदभर मोठे. चौथा फलक लाल कार्डशीटचा, त्यावर 'कापा'. तो बोलणाऱ्यासाठी नाही, सूत्रसंचालकासाठी आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

१४ मार्च

आज सगळं उलटं धरून पाहिलं. कोणाला काय येतं हे न बघता कोण कधी मोकळं आहे ते आधी लिहून काढलं. फळ्यावर १५ मिनिटांची आडवी रेघ मारली आणि प्रत्येकाची उभं राहण्याची वेळ तिच्यावर खुणेने दाखवली. मग लगेच दिसलं की वेळ पाहणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी बोलून बसून घेतलं पाहिजे.

गावची "गाव आणि पाण्याचा प्रश्न" हा भाग बोलते, तो तसाही सुरुवातीचा आहे. दोन मिनिटं बोलून ती खाली आली की पुढची दहा मिनिटं आणि समारोप तिच्या हातात. आकडेवालीला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं, मला दोन्हीकडे लक्ष देता येत नव्हतं."

पहिल्या तीन मिनिटांत, म्हणजे माझी प्रस्तावना आणि गावचीचं बोलणं चालू असताना, फलक फोटोवाल्याकडे. त्याची पाळी तिच्यानंतर. दोघं बाकापाशी एकमेकांना पार होतात तेव्हा फलक आणि फोन हातात देतात.

नवी वाटणी: मी १ मिनिट, गावची २, फोटोवाला दीड, टेपवाला ३, नकाशेवाली अडीच, आकडेवाली ३, शेवटी मी पुन्हा १. जोडवाक्यं ज्याच्या त्याच्या वेळेतच धरली. एकूण १४ मिनिटं, एक मिनिट हातचं.

बसायची जागाही ठरली. परीक्षक दोघं पहिल्या बाकावर बसतात. गावची तिसऱ्या बाकावर, त्या दोघांच्या बरोबर मधल्या फटीत. वक्ता परीक्षकांकडे बघून बोलतो, तेव्हा फलक त्याच नजरेत येतो, मान वळवावी लागत नाही. दुसरा बाक मुद्दाम रिकामा, नाहीतर डोकी आड येतात. फलक छातीशी धरायचा आणि वक्त्याने मान हलवेपर्यंत खाली घ्यायचा नाही. मान हलवणं ही पावती. नजर पडली एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण बोलण्याच्या भरात दिसलेलंही डोक्यात शिरत नाही.

१५ मार्च

तालीम १५ मिनिटं ५० सेकंद, आणि तेही सगळ्यांना फलक दिसूनसुद्धा. कारण शोधायला अर्धा तास गेला.

टेपवाल्याला '०' दाखवल्यावरही तो ५० सेकंद पुढे बोलला, बाकीच्यांनीही थोडी थोडी वेळ खाल्ली. पण गावची दरवेळी नव्या वक्त्यापासून घड्याळ शून्यावर आणत होती. म्हणजे नकाशेवालीला तिची पूर्ण अडीच मिनिटं मिळाली, आकडेवालीला पूर्ण तीन. मागचा उशीर कोणाच्याच खात्यावर आला नाही, तो शेवटी माझ्यावर आला.

त्यानंतर घड्याळ एकदाच सुरू करायचं ठरलं. गावचीच्या हातात एक चिठ्ठी: फोटोवाला ४:३० ला संपला पाहिजे, टेपवाला ७:३०, नकाशेवाली १०:००, आकडेवाली १३:००, मी १४:००. फलक दाखवायचे ते या वेळा बघून, त्या माणसाला किती मिळाली ते बघून नाही. हे निष्ठुर वाटतं. आकडेवाली म्हणालीच, दुसऱ्याचा उशीर माझ्यातून का कापायचा? तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्यातूनच 'कापा' फलकाचं काम ठरलं.

आणखी एक घोटाळा: फोन हातात देताना फोटोवाल्याचा अंगठा लागून स्टॉपवॉच थांबलं आणि दीड मिनिट कोणाच्या लक्षात आलं नाही. आता सुरुवात झाली की भिंतीवरच्या घड्याळातली वेळ चिठ्ठीच्या डोक्यावर पेनाने लिहायची. फोन बंद पडला, तरी कागद राहतो. फोन फ्लाइट मोडवर आणि स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ सेटिंगमध्ये वाढवलेली.

१८ मार्च

फक्त प्रश्नांची तालीम. दुसऱ्या वर्षाच्या आठ जणांना बोलावलं आणि अहवाल दोन दिवस आधी वाचायला दिला होता. चहा-वडापावचे १६० रुपये झाले. सगळ्या खर्चात हा खर्च सर्वांत उपयोगी पडला.

टेपवाल्याने अकरा प्रश्नांपैकी नऊ स्वतःच घेतले. तो गर्विष्ठ नाही, उलट आमच्यात सगळ्यात मेहनती तोच. पहाटे पाचला उठून विहिरीवर जाणारा. पण उत्तर माहीत असलं की त्याला थांबवत नाही. नकाशेवालीला तिच्या नकाशाबद्दल विचारलेला प्रश्नही त्यानेच घेतला. खऱ्या परीक्षेत तिच्या नावापुढे गुण कशाचे द्यायचे?

म्हणून प्रश्न फोटोवाल्याकडे दिले. तो चौदाही विहिरींवर प्रत्येकाबरोबर गेला होता. त्याला सगळ्यातलं थोडं थोडं माहीत आहे, आणि मुख्य म्हणजे कोणाला काय माहीत आहे ते पक्कं माहीत आहे. त्याच्या पद्धती तालमीतच एकेक करून बसत गेल्या.

प्रश्न संपेपर्यंत तो वहीत लिहितो, दोन-तीन शब्दांत. मग एका वाक्यात परत म्हणतो: "सर, आपण विचारताय की मोजमाप कठड्यापासून की जमिनीपासून." यातून परीक्षकांना चुकीचं ऐकलं असेल तर दुरुस्त करता येतं, आणि उत्तर देणाऱ्याला पाच सेकंद मिळतात. मग तो हाताने माणूस दाखवतो. त्या माणसाने उत्तर द्यायचं. दुसऱ्या कोणाला भर घालायची असेल तर फोटोवाल्याकडे बघायचं, तो मान हलवेल तरच, आणि एकदाच. तिसरा माणूस बोलायचा नाही.

एका कागदावर विषयवार वाटणी केली: मोजमाप टेपवाल्याकडे, त्याला जोड आकडेवाली. नकाशा आणि उतार नकाशेवालीकडे, जोड टेपवाला. पिकं, पंप, लोक काय म्हणाले हे गावचीकडे, जोड फोटोवाला स्वतः. बेरीज-वजाबाकी, सरासरी आकडेवालीकडे, जोड मी. कोणत्याच रकान्यात न बसणारा प्रश्न माझ्याकडे. कठड्याच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही शब्दाशब्दाने ठरवलं: "टेप कठड्यावरून सोडला, प्रत्येक कठड्याची उंची वजा केली, तक्त्यातले सगळे आकडे जमिनीखालचे आहेत." बाकी एकही उत्तर पाठ केलं नाही, कारण पाठ उत्तर थोडा वेगळा प्रश्न आला की अडखळतं.

प्रश्नांसाठी पाच जादा स्लाइड शेवटी जोडल्या, २० ते २४. क्रमांक त्याच कागदावर त्या त्या विषयासमोर. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर आकडा दाबून एंटर केलं की थेट त्या स्लाइडवर जातं, मागेपुढे पळवावं लागत नाही. कीबोर्डजवळ नकाशेवाली बसेल. फोटोवाला नुसतं "२१" म्हणेल.

२२ मार्च

काय कापायचं ते आज ठरलं, आणि वाद झाला. सूत्रसंचालकाने आयत्या वेळी "थोडक्यात घे" म्हटलं तर बोलणारा घाबरतो आणि तेच सगळं दुप्पट वेगाने बोलतो. म्हणून कापायचे तुकडे आधीच निवडले, क्रमाने. पहिला तुकडा नकाशेवालीचा दुसरा नकाशा, जमिनीच्या प्रकारांचा. तो अहवालात पान ९ वर छापलेला आहे. साधारण ५० सेकंद वाचतात. दुसरा तुकडा टेपवाल्याचा टेप कसा धरायचा याचा फोटो, २५ सेकंद. आकडेवालीच्या भागातून काहीही कापायचं नाही, कारण निष्कर्ष तिथे आहेत. तिच्या १५ तारखेच्या प्रश्नाला हेच उत्तर होतं.

नकाशेवाली नाराज झाली. त्या नकाशासाठी तिने आठवडा घातला होता. मी तिला म्हटलं, "अगं, वेळेत असलो तर तो दाखवायचाच आहे." ती म्हणाली, "मग कापल्यावर पान नंबर सांग, म्हणजे काम केलंय हे कळेल." ते मान्य केलं आणि माझ्या जोडवाक्यात लिहून घेतलं.

'कापा' फलक वर गेला की निर्णय माझा नाही, गावचीचा आहे. माझं काम फक्त ते वाक्य बोलणं. हे स्पष्ट ठरवणं गरजेचं होतं, कारण उभं राहून बोलणाऱ्या माणसाला वेळ नेहमी पुष्कळ आहे असंच वाटतं.

२५ मार्च

खऱ्या खोलीत तालीम, १३ मिनिटं ५५ सेकंद. प्रोजेक्टरची वायर आमच्या लॅपटॉपला बसत नाही हे आजच कळलं, जोडणारा अ‍ॅडॉप्टर उसना घेतला. मॅडमना विचारलं, वेळ कधीपासून धरतात? म्हणाल्या, "गटाचं नाव पुकारल्यापासून." आमचं घड्याळ आतापर्यंत माझ्या पहिल्या शब्दापासून सुरू होत होतं. चिठ्ठीत बदल केला.

२८ मार्च

सादरीकरण झालं.

नाव पुकारलं ११:४२ ला. फोटोवाल्याने चिठ्ठीवर लिहिलं. अ‍ॅडॉप्टर असूनही पडद्यावर चित्र यायला दीड मिनिट गेलं. तेवढा वेळ मी गप्प उभा होतो, घशाला कोरड पडली होती. सुरू केलं तेव्हा हातचं मिनिट गेलेलं होतं आणि वर अर्धं मिनिट मागे होतो.

गावची बोलून खाली गेली आणि चिठ्ठी बघून तिने लगेच काही केलं नाही. टेपवाला संपताना, ठरलेल्या ७:३० ऐवजी ९:०० ला, लाल फलक वर आला. मी म्हटलं, "जमिनीच्या प्रकारांचा नकाशा अहवालात पान ९ वर आहे, इथे विहिरींच्या जागा पाहू." नकाशेवालीने पुढच्या स्लाइडचा आकडा दाबला, एंटर, आणि ती थेट तिथून बोलली. परीक्षकांपैकी एकांनी पान ९ उघडलेलं मला दिसलं. आकडेवालीला तिची पूर्ण तीन मिनिटं मिळाली. आम्ही १४:४० ला संपवलं.

पहिलाच प्रश्न कठड्याचा. फोटोवाल्याने परत म्हटला, टेपवाल्याकडे हात केला, "२१" म्हणाला. एकच उत्तर गेलं.

दुसरा प्रश्न कठीण होता: मोजण्याआधी पंप चालू होते का? पंप नुकता बंद झाला असेल तर पाणी वर यायला वेळ लागतो आणि पातळी खोटी खोल दिसते. आम्ही पहाटे मोजलं होतं. पण शेतीपंपांची वीज कधी दिवसा असते तर कधी रात्री, आणि फेब्रुवारीतल्या त्या आठवड्यात ती रात्रीची होती. तीन विहिरींवर रात्रभर पंप चालले होते. हे गावचीला माहीत होतं, टेपवाल्याला उत्तर द्यायची घाई झाली होती. फोटोवाल्याने त्याच्याकडे न बघता गावचीकडे हात केला. तिने ते सरळ सांगितलं, आणि त्या तीन विहिरी आम्ही आठ दिवसांनी पुन्हा मोजल्या हेही सांगितलं. सर म्हणाले, "हे अहवालात लिहायला हवं होतं." खरं आहे. लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी आमची पद्धत अडली. बाहेरून आलेल्या सरांनी नकाशेवालीकडे बोट करून थेट तिलाच विचारलं, आणि फोटोवाला सवयीने प्रश्न परत म्हणायला लागला. सरांनी हाताने थांबवलं. परीक्षकाने माणूस स्वतः निवडला की प्रश्न घेणाऱ्याने मधे यायचं नाही, हा नियम आमच्या कागदावर नव्हता.

शेवटचा प्रश्न पाण्यातल्या क्षारांचा होता. तो माझ्या रकान्यात आला. मी म्हटलं, "क्षार मोजलेले नाहीत, फक्त पातळी मोजली." त्यावर कोणीही भर घातली नाही. तालमीत असल्या प्रश्नाला चार जण अंदाज सांगायचे.

२ एप्रिल

फलक, चिठ्ठीचा नमुना आणि प्रश्नवाटणीचा कागद दुसऱ्या वर्षाच्या गटाला दिला. वाटणीच्या कागदावर खाली एक ओळ वाढवली: 'परीक्षकांनी नाव घेतलं किंवा बोट केलं, तर त्यानेच बोलायचं.'

त्यांचा गट चौघांचाच आहे, आमची वाटणी तशीच बसत नाही. बसून पाहिलं तेव्हा असं निघालं: पहिला वक्ता खाली आला की वेळ पाहणार, दुसऱ्याने बोलून झाल्यावर प्रश्न घ्यायचे. वेगळा सूत्रसंचालक ठेवायचा नाही. जोडवाक्य संपवणाऱ्याने स्वतःच म्हणायचं. अडचण पहिल्या वक्त्याच्या वेळची, तेव्हा फलक चौथ्याने धरायचा. 'कापा' फलक मात्र सूत्रसंचालकाऐवजी थेट बोलणाऱ्याला दाखवावा लागेल, आणि तो दिसल्यावर कोणती स्लाइड सोडायची ते ज्याने त्याने आपल्या कागदावर आधीच लिहून ठेवायचं. त्यांची पहिली तालीम सोमवारी आहे, गावची घड्याळ घेऊन मागे बसणार आहे.